हाऱ्याशेजारचं ऊन

रुचिता ऑफिसातून आली की चप्पल काढण्याआधी बाळाला उचलायची आणि त्याच्या टाळूवर नाक टेकवायची. आधी तिच्या सासूला, हेमलताबाईंना, ते प्रेम वाटलं. जानेवारीत त्यांच्या लक्षात आलं, की ही मुका घेत नाही. ही वास घेते.

"आई, आज परत येतोय," रुचिता म्हणाली.

"कसला?"

"धुएँ का. धुराचा."

हेमलताबाईंनी पोळी उलटली. "गॅसवर पोळ्या चालल्यात. कसला धूर?"

रुचिताने मान डोलावली. पण स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, कोपऱ्यात, डब्यांच्या मागे तिची नजर फिरून आली. ती काय शोधते आहे हे हेमलताबाईंना पक्कं माहीत होतं. गोवरीचा तुकडा, ओव्याची पुरचुंडी आणि मातीची पणती.

चूक त्यांच्याकडून झाली होती, नाही असं नाही. रुचिताची रजा संपली म्हणून ऑक्टोबरात त्या संगमनेरहून इथे आल्या. नोएडाच्या सेक्टरांच्या मध्ये सापडलेलं हे एक जुनं गाव. मुलाचं, निखिलचं, सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत इथल्या एका घराचा पहिला मजला भाड्याने घेतलेला. दिवाळीनंतर नातू, धवल, खोकायला लागला तेव्हा हेमलताबाईंनी त्याला न्हाऊ घालून धुरी दिली. निखारा, वर चिमूटभर ओवा, आणि वरून बाळ अलगद फिरवायचं. निखिललाही त्यांनी अशीच दिली होती. आठवडाभर दिली, आणि मग धवलला दवाखान्यात ठेवावं लागलं. न्यूमोनिया. नाकाला प्राणवायूची नळी लावलेलं ते एवढंसं तोंड त्या विसरू शकत नव्हत्या.

बालरोगाच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नव्हत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "आजी, हा आजार जंतूंमुळे होतो. पण धुरातले अगदी बारीक कण श्वासनळीच्या आतल्या अस्तराला इजा करतात. आत आलेली घाण बाहेर लोटणारे बारीक केस असतात तिथे, ते काम करेनासे होतात. मग जंतूंना अडवायला कोणी उरत नाही. मोठ्या माणसाला नुसता खोकला येतो. बाळाच्या नळ्या मुळात अरुंद, त्या सुजल्या की श्वास पुरत नाही. धुरी नको, उदबत्ती नको, सिगारेट नको, चूल नको."

"चूल नाहीये, मॅडम," निखिल म्हणाला होता. "गॅस आहे. घरमालकांकडेही गॅसच आहे, मी विचारलंय त्यांना."

त्या दिवसापासून हेमलताबाईंनी धुरी बंद केली. पणतीसुद्धा खाली राहणाऱ्या घरमालकिणीला, ओमवतीला, देऊन टाकली. तरी जानेवारीत धवलला परत ताप आला. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे, तो शांत झोपलेला असताना रुचिताने पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजले. या वयाच्या बाळाचे पन्नास किंवा वर भरले तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. छप्पन्न भरले. बरगड्यांखाली खळगा पडत नव्हता एवढंच नशीब, म्हणून औषध देऊन घरी सोडलं.

आणि आता हा वास.

रात्री जेवताना निखिलने बॅगेतून मोबाइलएवढं एक पांढरं यंत्र काढलं. ऑफिसातल्या कुणाकडून तरी मागून आणलेलं.

"हवेतले बारीक कण मोजतं. आकडा दाखवतं आणि दिवसभरातला चढउतार फोनवर येतो. म्हणजे आपण ऑफिसात असलो तरी कळेल, कधी वाढतंय ते."

"कधी म्हणजे?" हेमलताबाईंनी विचारलं.

"म्हणजे, दुपारी वगैरे."

"दुपारी घरात मीच असते."

निखिल वरणात बोट बुडवून बसला. रुचिता पटकन म्हणाली, "तसं नाही हो आई. बाहेरचं पोल्यूशन किती आत येतं ते बघायचंय."

"बघा की. मी कुठे नको म्हणते."

संगमनेरला त्यांनी बत्तीस वर्षं बालवाडी चालवली होती. पोरं खोटं बोलतात तेव्हा कशी बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. सून खोटं बोलत नव्हती, पण खरंही बोलत नव्हती. त्यांना हेही ठाऊक होतं, की सेक्टरातल्या एका पाळणाघरात ती दोनदा जाऊन आली आहे. निखिलने ते चुकून बोलून दाखवलं होतं. सुनेचा संशय खरा ठरला, तर धवल पाळणाघरात आणि हेमलताबाई संगमनेरच्या गाडीत.

अंथरुणावर पडल्यावर त्यांनीही मग एक संशय धरला. वास येतो म्हणजे धूर असणारच. मी करत नाही, सून करत नाही. उरला कोण? निखिल कॉलेजात ओढायचा. हल्ली मेट्रो स्टेशनवरून यायला त्याला उगाच उशीर होतो, आल्या आल्या चूळ भरतो, आणि शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी असते. बाप झाला तरी लपूनछपून चाललंय म्हणायचं. आणि मग तसाच बाळाला घेतो.

दुसऱ्या दिवशी ती दोघं निघाली तेव्हा हेमलताबाईंनी दारातच मुलाला अडवलं.

"खरं सांग. सिगारेट ओढतोस?"

"आई! चल, काहीतरीच."

"मग बडीशेप कशाला?"

निखिलने जिन्याकडे पाहिलं. रुचिता खाली पोचली होती. तो हळूच म्हणाला, "मोमो खातो. स्टेशनबाहेर. तू एवढं करून ठेवतेस जेवायला, म्हणून सांगत नाही. तिला सांगू नकोस, यार."

"मी तुझी यार नाही," हेमलताबाई म्हणाल्या, पण त्यांना ते खरं वाटलं. मोमो इतक्या ओशाळ्या चेहऱ्याने कुणी उगाच सांगणार नाही.

म्हणजे परत सगळं त्यांच्यावरच आलं.

यंत्र कपाटावर ठेवलं होतं. दिल्लीकडचा जानेवारी. खिडक्या बंद असूनही आकडा एकशे चाळीसच्या आसपास. चांगला नव्हे, पण आसपासच्या सगळ्या घरांत असाच असणार. स्वयंपाक झाला, फोडणी बसली तेव्हा थोडा चढला, मग उतरला. जेवण झाल्यावर हेमलताबाईंनी धवलला टोपडं घातलं, शालीत गुंडाळलं. रोज दुपारी त्या त्याला खालच्या अंगणात ऊन खायला नेत. वरच्या खोल्यांत उन्हाची तिरीपही येत नव्हती.

दारात पोचल्या आणि त्यांना वाटलं, यंत्र वर ठेवून गेले तर रुचिता म्हणेल, दुपारभर तुम्ही कुठे होतात, काय केलंत, कुणी पाहिलंय. नकोच ते. जिथे बाळ, तिथे यंत्र. डोळे मिटून विश्वास ठेवायला सांगणार नाही, पण संशयाला एक मिनिटही मोकळं सोडणार नाही. त्यांनी यंत्र बाळाच्या पिशवीच्या तोंडाशी खोचलं आणि खाली उतरल्या.

ओमवती अंगणात शेंगदाणे सोलत बसली होती. घरमालकीण, साठीची, घागरा आणि वरून मुलाचा जुना स्वेटर. तिच्या दोन म्हशी गोठ्यात रवंथ करत होत्या. भिंतीशी हेमलताबाईंसाठी मोडा मांडलेला असायचा, वेताचं बुटकं आसन. तिथे ऊन छान यायचं, आणि शेजारच्या हाऱ्याची ऊबही.

हारा म्हणजे जमिनीत अर्धी पुरलेली मातीची खोलगट शेगडी. त्यात ओमवती सकाळी शेण्या भरून पेटवायची आणि वर मातीची हांडी ठेवायची. सकाळी दूध, ते दुपारपर्यंत तापून तापून गुलाबी व्हायचं. दुपारी मोठ्या पातेल्यात म्हशींसाठी सरकी, पेंड आणि दलिया. ज्वाळा अशी नसायचीच. शेण्या आतल्या आत धुमसायच्या, आणि कडेने निळसर, पदरासारखी पातळ रेघ वर जायची.

"आओ मास्टरनी जी," ओमवती म्हणाली. "आज देर कर दी. तुम्हारी शागिर्द कब से बैठी है।"

शागिर्द म्हणजे तिची नात तन्नू. चार वर्षांची, डोक्याला तेल थापलेलं, नाक वाहतं. हेमलताबाई तिला दुपारी अंक आणि गाणी शिकवायच्या, त्यातली निम्मी मराठी. तन्नूला ते चालायचं.

"एक, दोन," तन्नूने सुरू केलं, "तीन..." आणि खोकली. मग परत एकपासून सुरू केलं.

हेमलताबाई मोड्यावर बसल्या. धवलला मांडीवर घेतलं. उन्हाने त्याचे डोळे लगेच मिटायला लागले. शेण्यांचा वास येत होता, तो त्यांना नेहमीच यायचा. त्या वासात त्या वाढल्या होत्या. त्यांच्या मनात तो धुराच्या खात्यात कधी जमाच झाला नव्हता.

"दादी, ये लाल क्यों हो गया?" तन्नूने पिशवीकडे बोट केलं.

यंत्राचा पडदा लाल होता. आकडा आठशे बारा.

हेमलताबाईंनी चष्मा लावला. आठशे चाळीस. त्यांनी यंत्र हलवलं, फुंकर मारली. नऊशे पार झाला. बिघडलं, त्यांना वाटलं. आणि ते बिघडलेलंच असावं असंही फार वाटलं.

पण बालवाडीत त्या मुलांना सांगायच्या, एकदा पाहिलं ते पाहिलं नव्हे. परत पाहायचं. त्या उठल्या. धवलला खांद्यावर घेऊन यंत्रासकट गल्लीच्या दाराशी गेल्या आणि थांबल्या. आकडा सावकाश उतरत दोनशेच्या खाली आला. परत मोड्यापाशी आल्या. पडदा लाल झाला. मोडा उचलून गोठ्याच्या पलीकडे, सावलीत ठेवला. तिथे तीनशे. हाऱ्याच्या बाजूने वाऱ्याची झुळूक आली, तर तिथेही पाचशे. मग परत भिंतीशी, जिथे त्या गेले कितीतरी आठवडे बसत होत्या, तिथे. नऊशे नव्व्याण्णव. त्याच्या पुढे यंत्राला आकडाच नव्हता.

"के ढूँढ रही हो मास्टरनी जी?" ओमवती हसली. "सोना गड़ा है के?"

हेमलताबाई मोड्यापासून दूर झाल्या. धवल त्यांच्या खांद्यावर झोपला होता आणि त्याच्या टोपड्याला नाक लावून त्या उभ्या होत्या. आता त्यांना वास आला. रोजचाच होता. पण आज तो धूर होता.

तिथे उभ्या उभ्या त्यांच्या मनात एक वाईट विचार आला. अजून वेळ गेलेली नव्हती. दोघांच्या फोनवर रेघ वर चढलेली दिसेलच, पण मी म्हणाले की गल्लीत कुणी कचरा जाळत होतं, तर कोण विचारणार? उद्यापासून खाली यायचं बंद करायचं. वास थांबेल, बाळ बरं होईल, संशय कुणावरच उरणार नाही.

तन्नू पुन्हा खोकली. कोरडा, खोल खोकला. हेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग हाऱ्याकडे.

"ओमवती, ये हारा सारा दिन जलता है ना?"

"जलता कहाँ है, सुलगता है।"

"निखिल ने पूछा था, चूल्हा है क्या। तुमने कहा, नहीं।"

"तो झूठ बोला के?" ओमवतीचा हात थांबला. "चूल्हा तो पाँच साल से नहीं जलाया। रोटी-सब्ज़ी सब गैस पे। ये तो डंगरों का है। इसमें कौन-सा हमारा खाना पकै है?"

हेमलताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. खोटं नव्हतंच. निखिलने माणसांच्या स्वयंपाकाचं विचारलं होतं आणि तिने माणसांच्या स्वयंपाकाचं सांगितलं होतं. म्हशींचा स्वयंपाक कुणाच्याच हिशेबात नव्हता. डॉक्टरीणबाईंच्या नाही, निखिलच्या नाही, आणि रोज त्याच्या शेजारी बाळ घेऊन बसणाऱ्या बाईच्याही नाही.

"धुआँ है इसमें," त्या म्हणाल्या. "दिखता कम है, पर ज्वाला नहीं है ना, इसलिए ज़्यादा है। आग भड़कती है तो धुआँ भी जल जाता है। सुलगने में सब बच्चों के अंदर जाता है। तन्नू को देखो, कब से खाँस रही है।"

"सर्दी में कौन नहीं खाँसता!" ओमवतीचा आवाज चढला. "हमने आठ बच्चे पाले इसी आँगन में।"

"आठों हैं?"

हे विचारायला नको होतं, विचारताक्षणीच त्यांना कळलं. ओमवतीने शेंगदाण्याची परात उचलली. "छह हैं," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "मशीन ले के हमारे घर में जासूसी करने आई हो। किराएदार हो, किराएदार की तरह रहो।"

ती आत गेली. हारा धुमसत राहिला.

संध्याकाळी रुचिता आली ती जिना धावत चढून. तिच्या हातात फोन होता, रेघ कधीचीच पोचली होती. चेहरा पाहूनच हेमलताबाईंना कळलं, की ती वाटभर बोलण्याची तयारी करत आली आहे.

"आई, आज दुपारी..."

"हो. आधी मी बोलते." हेमलताबाईंनी झोपलेल्या धवलला निखिलच्या हवाली केलं. तो आज मोमो न खाता बायकोबरोबरच आला होता. "चल खाली माझ्याबरोबर. चप्पल काढू नकोस."

अंगणात अंधारायला लागलं होतं. हाऱ्यावर संध्याकाळचं पातेलं चढलं होतं. हेमलताबाईंनी मोडा भिंतीशी, नेहमीच्या जागी ठेवला, त्यावर यंत्र ठेवलं आणि बाजूला झाल्या. रुचिताने आकडा पाहिला. मग हाऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"हे काय आहे?"

"म्हशींचं खाणं शिजतं. शेण्यांवर. मी बाळाला घेऊन इथे बसते. उन्हाला."

"रोज?"

"रोज. दुपारचं जेवण झालं की."

रुचिताने वाकून हाऱ्यात पाहिलं. ती दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. शेणी जळताना तिने कधी जवळून पाहिली नव्हती. "म्हणजे तुम्ही धुरी देत नव्हतात," ती शेवटी म्हणाली.

"नव्हते. धुरीत नेऊन बसवत होते. आठवडाभर नाही, आल्यापासून."

"मी तुमचे डबे उघडून बघत होते, आई. तुम्ही झोपलात की."

"माहीत आहे. ओव्याचा डबा उलटा लावायचीस."

रुचिताच्या तोंडून हसू फुटल्यासारखा आवाज आला, पण तिचे डोळे भरले होते. मग ते हसूही गेलं. "मी पाळणाघराला होकार कळवलाय. सोमवारपासून."

हेमलताबाईंनी मान हलवली. हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. "ठीक आहे. तिथे आधी यंत्र घेऊन जा. आजूबाजूला कुठे काय पेटतं ते बघ. फक्त स्वयंपाकघरात बघू नकोस."

"आणि तुम्ही?"

"माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही. मी स्वतःवरच ठेवला होता, त्याचं हे असं झालं. तो माझ्याकडे आहे तोवर मी घरातच राहीन. तू आलीस की रोज त्याच्या डोक्याचा वास घे. चोरून नको, समोर घे. ज्या दिवशी आला, त्या दिवशी मी माझी बॅग भरते."

रुचिताने आकड्याकडे परत एकदा पाहिलं. मोड्यावरचं यंत्र उचललं आणि जिना चढायला लागली.

ओमवतीशी बोलायला दुसऱ्या दिवशी सकाळी निखिल गेला आणि कान पाडून परत आला. हारा हलवायला जागा नव्हती. गुरांचा घेर, गावाबाहेरचा गोठ्याचा वाडा, मुलाने गाड्यांच्या पार्किंगला दिला होता. "दलिया गॅसवर शिजवला तर सिलिंडर आठवडाभर पुरत नाही, म्हणाली. मी म्हटलं, शिजवू नका, रात्रभर भिजत घाला. तर म्हणे, कच्चं खाऊन म्हैस दूध चोरेल. वर म्हणाली, तुम्हारी माँ बहुत सवाल पूछती है।"

त्या दुपारी हेमलताबाई खाली गेल्या नाहीत. अंगणाकडची खिडकी बंद, तिच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं. गल्लीकडची तेवढी किलकिली ठेवली. आकडा दोनशेवर गेला नाही. धवल सतरंजीवर पालथा पडून रांगायचा प्रयत्न करत होता. त्याला ऊन मिळत नव्हतं याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि खालून तन्नूचा आवाज येत नव्हता याचंही.

मग दार वाजलं. तन्नू होती, काखेत चटईची गुंडाळी.

"दादी ने भेजा है," ती म्हणाली. "बोली, जब तक हारा चलै, ऊपर पढ़ ले।"

"और कुछ बोली?"

"बोली, मास्टरनी से बात मत करियो।"

"मग शिकणार कशी?" हेमलताबाई म्हणाल्या, आणि तिला आत घेऊन दार लावलं.

संध्याकाळी रुचिता आली तेव्हा तन्नू अजून तिथेच होती, धवलला बोटं मोजून दाखवत. रुचिताने चप्पल काढली. धवलला उचललं आणि सासूच्या समोर, त्यांच्याकडे बघत, त्याच्या टाळूवर नाक टेकवलं. हेमलताबाई कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तेल," रुचिता म्हणाली. "नुसतं तेल."

हात परत चालू झाले. रुचिता बाळाला कडेवर घेऊन तन्नूशेजारी खाली बसली. का कोण जाणे, तिने वाकून तिच्याही केसांचा वास घेतला. आणि तिचा चेहरा बदलला. तोच वास होता, गेला महिनाभर ती जो शोधत होती तो, पण कितीतरी दाट. दुपारभर वर राहूनही गेला नव्हता.

तन्नू खोकली.

"आई," रुचिता हळू आवाजात म्हणाली, "हिला कधीपासून आहे हा?"

"मी आले तेव्हापासून ऐकतेय."

रुचिताने धवलला सासूकडे दिलं. कणकेचे हात तसेच पुढे करून हेमलताबाईंनी त्याला कोपरांत घेतलं. रुचिताने तन्नूला भिंतीला टेकवून बसवलं, अंगावरचे दोन स्वेटर वर सरकवले आणि मनगटावरचं घड्याळ उजेडाकडे वळवलं.

"हिलना मत, बेटा," ती म्हणाली. "एक मिनट. बस, साँस लेती रह."